खोलीचा ३६० पॅनोरामा एआयने बनवायचा, मग जोड आणि सरळ रेघा कशा तपासायच्या

पहिल्यांदा मी असा पॅनोरामा बनवला तेव्हा स्क्रीनवर तो इतका छान दिसत होता की मी लगेच व्हर्च्युअल टूरमधे टाकला. उघडून बघतो तर काय, खोली चौकोनी राहिलीच नव्हती, विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटत होतं. भिंती गोल, छताची कड वाडग्याच्या काठासारखी, आणि मागे वळलं की अर्धा सोफा भिंतीतून बाहेर आलेला. त्या एका चित्राने जे शिकवलं तेच इथे लिहितोय. पूर्ण टूर कशी बांधायची ते यात नाही. एक खोली, एक चित्र, आणि ते टूरमधे टाकायच्या लायकीचं आहे का हे कसं ओळखायचं, एवढंच.

आधी हे चित्र असतं काय ते

व्हर्च्युअल टूरला जे चित्र लागतं त्याला इक्विरेक्टँग्युलर म्हणतात. आडवं ३६० अंश आणि उभं १८० अंश, म्हणून त्याचं प्रमाण कायम २:१ असतं, २०४८ बाय १०२४ किंवा ४०९६ बाय २०४८ वगैरे. व्ह्यूअर ते चित्र एका गोळ्याच्या आतून चिकटवतो आणि तुम्ही गोळ्याच्या मधोमध उभे असता. यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं याच तीन गोष्टींवर आहे.

एक, चित्राची डावी कड आणि उजवी कड खोलीत एकाच जागी येते, तोच आपला जोड. दोन, सगळ्यात वरची अख्खी पिक्सेलची ओळ म्हणजे डोक्यावरचा एकच बिंदू आणि सगळ्यात खालची ओळ म्हणजे पायाखालचा एकच बिंदू. तिसरी गोष्ट नवीन लोकांना पटत नाही, मलाही पटली नव्हती: खोलीतल्या उभ्या रेघा या चित्रात उभ्या सरळच राहतात, पण आडव्या रेघा वाकतात, आणि त्या वाकायलाच हव्यात. फक्त डोळ्यांच्या बरोबर उंचीवरची आडवी रेघ सरळ राहते, ती चित्राच्या अगदी मधोमध असते. त्याच्या वर छताची कड धनुष्यासारखी, भिंतीच्या मधे वर आणि कोपऱ्यांकडे खाली. जमिनीची कड त्याच्या उलटी, मधे खाली आणि कोपऱ्यांकडे वर.

कारण साधं आहे. भिंतीचा मधला भाग तुमच्या जवळ असतो, कोपरा लांब असतो, आणि तीच उंची जवळून बघितली की जास्त मान वर करावी लागते. एआयने छताची कड चित्रभर पट्टीने आखल्यासारखी सरळ काढली तर त्याचा अर्थ होतो की भिंतीचा प्रत्येक बिंदू तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहे, म्हणजेच गोल खोली. माझी विहीर अशीच झाली होती. म्हणून सपाट बघताना "वा काय सरळ आलंय" असं वाटलं तर खूश होऊ नका, थोडं घाबरा.

आकड्यांत एक खोली

नुसतं वाकतं म्हणून भागत नाही, किती वाकतं ते माहीत हवं, म्हणून एक खोली घेऊ. ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, छत २.८ मीटरवर, आणि कॅमेरा बरोबर मधोमध १.५ मीटर उंचीवर. म्हणजे छत डोळ्यांच्या १.३ मीटर वर आणि जमीन १.५ मीटर खाली. चित्र ४०९६ बाय २०४८, म्हणजे एका अंशाला ११.३८ पिक्सेल, आणि डोळ्यांची रेघ वरून १०२४ व्या पिक्सेलवर.

छताच्या कडेचा कुठलाही बिंदू चित्रात किती उंचीवर येईल त्याचा हिशोब एका ओळीत बसतो. यात h म्हणजे डोळ्यांपासूनची उंची, आणि d म्हणजे त्या बिंदूपर्यंतचं जमिनीवरून मोजलेलं अंतर. कोन अंशांत घ्यायचा.

```
y = 1024 - 11.38 * atan(h / d)
```

लांब भिंत २ मीटरवर आहे, तिच्या मधोमध कोन ३३ अंश येतो, म्हणजे छताची कड वरून साधारण ६४८ व्या पिक्सेलवर. कोपरा ३.६ मीटरवर, तिथे कोन १९.८ अंश, कड ७९८ वर. म्हणजे एकाच भिंतीच्या मधल्या भागापासून कोपऱ्यापर्यंत कड १५० पिक्सेल खाली उतरली पाहिजे. आखूड भिंत ३ मीटरवर, तिच्या मधे कड ७५७ वर, म्हणजे तिथला बाक फक्त ४१ पिक्सेलचा. जमिनीसाठी h उणे १.५ धरा, लांब भिंतीखाली मधे साधारण १४४३ आणि कोपऱ्यात १२८१ येतं.

भिंतींची रुंदीही सारखी नसते. लांब भिंत जवळ आहे म्हणून ती ११२.६ अंश व्यापते, म्हणजे १२८१ पिक्सेल, आणि आखूड भिंत ६७.४ अंश, म्हणजे ७६७ पिक्सेल. चारही भिंतींची बेरीज ४०९६ भरते, भरलीच पाहिजे. एआयने चारही कोपरे सारख्या अंतरावर काढले असतील तर त्याने चौरस खोली काढलीये, तुमची ६ बाय ४ ची नाही. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवा, पुढे तपासताना सारखे लागतात.

पायरी १: आधी खोका बनवा, मग चित्र

फक्त शब्दांत सांगून, म्हणजे प्रॉम्प्टमधे "equirectangular 360 panorama, living room" लिहून चित्र येतं, कधीकधी चांगलंही येतं, पण रेघा नशिबावर राहतात. मी दहातली नऊ चित्रं फेकली तेव्हा हे सोडलं. त्यापेक्षा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधे खोलीचा साधा खोका बनवा आणि त्याचा डेप्थ मॅप, म्हणजे कुठला भाग किती लांब आहे ते राखाडी छटांत दाखवणारं चित्र, एआयला वाट दाखवायला द्या.

वरच्या मापाचा खोका, दार आणि खिडकीला भोकं, सोफा आणि टेबलाच्या जागी साधे ठोकळे, बस. रेंडर इंजिन सायकल्स ठेवा, कॅमेऱ्याच्या लेन्समधे `Panoramic` निवडा आणि प्रकार `Equirectangular`. कॅमेरा १.५ मीटरवर, `Rotation X` बरोबर 90, बाकी Y शून्य. हा X ८९ किंवा ९१ राहिला तर डोळ्यांची रेघच लाटेसारखी वर खाली जाते आणि उभ्या रेघाही कलतात, मग पुढे कितीही घासा, ते निघत नाही.

डेप्थसाठी `Mist` पास चालू करा. आपल्या खोलीत सगळ्यात जवळचं छत १.३ मीटरवर आणि सगळ्यात लांबचा जमिनीचा कोपरा ३.९ मीटरवर आहे, म्हणून `Start` 1 आणि `Depth` 3 दिलं की सगळं त्यात बसतं. मिस्टमधे जवळचं काळं आणि लांबचं पांढरं येतं, एआयच्या डेप्थ कंट्रोलनेटला, म्हणजे डेप्थ मॅप बघून मॉडेलला वाट दाखवणाऱ्या भागाला, उलटं लागतं, म्हणून चित्र इन्व्हर्ट करायला विसरू नका. विसरलात तर लगेच कळेल, फर्निचर भिंतीत खड्डा पडल्यासारखं येतं. सेव्ह करताना `View Transform` `Raw` ठेवा, नाहीतर ब्लेंडर राखाडी छटा आपल्या मनाने बदलतो.

अजून एक गोष्ट याच वेळी ठरवा, जोड कुठे यावा. कॅमेरा Z वर फिरवला की जोडाची जागा बदलते. बरेच जण तो साध्या रिकाम्या भिंतीवर आणतात, वाटतं तिथे काही तुटणार नाही. रेघा तुटत नाहीत हे खरं, पण रिकाम्या भिंतीवर रंगाचा एवढासा फरकही उभ्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. मला दाराच्या चौकटीची किंवा कपाटाची कड बरी वाटते, तिथे तसाही रंग बदलतोच. टेबल, सोफा, गालिचा यांच्यावर मात्र जोड नको. आणि चित्राचा मधला भाग टूर उघडल्यावर आधी दिसतो, त्यामुळे जोड आपोआप पाठीमागे जातो, तिथे दार असलं तर उत्तमच.

पायरी २: चित्र काढून घ्या

२०४८ बाय १०२४ वर काढा, मोठं नंतर करता येतं. डेप्थचं वजन ०.८ च्या आसपास आणि ते शेवटच्या स्टेपपर्यंत चालू ठेवा. काही जण मोकळीक द्यायला ते अर्ध्यात बंद करतात, फोटोसाठी ठीक आहे पण इथे नेमक्या त्याच वेळी छताची कड हळूच सरळ व्हायला लागते, कारण मॉडेलने आयुष्यभर साधे फोटो बघितलेत आणि साध्या फोटोत छत सरळ असतं. प्रॉम्प्टमधे `fisheye` किंवा `wide angle` टाकू नका, त्याने उभ्या रेघा पिंपासारख्या फुगतात आणि आपल्या चित्रात उभ्या रेघा तर सरळच हव्यात.

तुमच्या टूलमधे फक्त आडव्या दिशेने टाइल करायची सोय असेल तर ती चालू करा, बहुतेक ठिकाणी तिला X टाइलिंग असं काहीतरी म्हणतात. त्याने मॉडेल डावी कड काढताना उजवीकडचं पण बघतं. Y टाइलिंग बंदच, नाहीतर छत आणि जमीन एकमेकांत मिसळायला बघतात. एक बारीक गोम, टाइलिंग चित्र काढण्याच्या टप्प्यात चालू असतं पण शेवटच्या डीकोडला नसतं, असं काही टूलमधे होतं. मग जोड जवळपास जुळतो पण केसाएवढी रेघ उरते. तुमच्याकडे अशी बारीक रेघ प्रत्येक चित्रात त्याच जागी येत असेल तर आधी हे बघा.

पायरी ३: जोड तपासा

जोड चित्राच्या कडांवर असतो म्हणून डोळ्यांना दिसतच नाही, त्याला मधे आणायचं. इमेजमॅजिक असेल तर चित्र अर्ध्या रुंदीने सरकवा, ४०९६ च्या चित्रासाठी २०४८, आणि मधला पट्टा वेगळा कापून त्याचा कॉन्ट्रास्ट ताणा.

```
magick pano.png -roll +2048+0 rolled.png
magick rolled.png -crop 400x2048+1848+0 +repage -contrast-stretch 2%x2% seam.png
```

हेच गिंपमधे `Layer > Transform > Offset` ने होतं, फक्त `Wrap around` निवडलेलं असू द्या.

आता पट्ट्यात तीन वेगवेगळ्या चुका शोधायच्या, कारण तिन्हींचा इलाज वेगळा आहे. पहिली, रेघ तुटलेली. छताची कड डावीकडून एका उंचीवर येते आणि उजवीकडे चार पिक्सेल खाली सुरू होते. ही सगळ्यात वाईट, लोकांना लगेच दिसते. दुसरी, वस्तू तुटलेली, म्हणजे अर्धी फ्रेम, अर्धं झाड, दाराला एकच बाजू. तिसरी रंगाची, रेघा जुळतात पण भिंत एका बाजूला किंचित पिवळी. ही तिसरी साध्या स्क्रीनवर चुकते, म्हणून तर कॉन्ट्रास्ट ताणायचा, ताणल्यावर दोन-तीन छटांचा फरकही पट्टा होऊन समोर येतो.

रेघ किंवा वस्तू तुटली असेल तर सरकवलेल्या चित्रातच मधल्या भागावर मास्क काढून इनपेंट करा, म्हणजे तेवढाच भाग एआयकडून नव्याने काढून घ्या. ४०९६ च्या चित्रात २५० ते ३०० पिक्सेल रुंद पट्टा, कडा ४० पिक्सेल मऊ, डीनॉइज ०.४५ च्या आसपास. वस्तू अर्धी कापली गेली असेल तर मास्कमधे ती वस्तू पूर्ण घ्या, अर्ध्या खुर्चीवर मास्क टाकला तर नवीन अर्धी खुर्चीच येते. आणि डेप्थ मॅप पण तेवढाच सरकवून द्या, हे मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा जोडाच्या जागी छताला एक गोड कुबड आलं. फक्त रंगाचा फरक असेल तर इनपेंट नको, त्या बाजूच्या भिंतीवर हलका ग्रेडियंट देऊन ब्राइटनेस जुळवा, पसरट उताराने, एकदम नाही.

झालं की पुन्हा तेच २०४८ सरकवा, चित्र मूळ जागी येतं. पण थांबा, आता जुना जोड गेला तरी मास्कच्या दोन कडा हे दोन नवीन जोड तयार झालेत, त्यांच्यावरही कॉन्ट्रास्ट ताणून नजर टाका.

मोठं करताना जोड परत तुटतो

हे वेगळं सांगतो कारण इथे बहुतेक जण फसतात. २०४८ चं चित्र अगदी जुळवून घेतलं, मग अपस्केलरने ४०९६ किंवा ८१९२ केलं आणि जोड परत हजर. अपस्केलरला माहीत नसतं की डावीकडे चित्र संपत नाही, तो कडेचे पिक्सेल अंदाजाने काढतो, दोन्ही कडांना वेगवेगळा अंदाज. उपाय असा, मोठं करण्याआधी उजव्या कडेचा ६४ पिक्सेलचा पट्टा डावीकडे चिकटवा आणि डाव्या कडेचा तेवढाच उजवीकडे. चित्र २१७६ रुंद होतं. मग दुप्पट करा, ४३५२ येतं, आणि दोन्ही बाजूंनी १२८ कापून टाका, उरलं ४०९६. कडा कापल्या गेल्या आणि जे उरलं त्याला दोन्ही बाजूंचा शेजार दिसला होता. जोड तपासायचं काम म्हणून नेहमी शेवटच्या मापाच्या चित्रावर परत करायचं, लहान चित्राचा निकाल मोठ्याला लागू नाही.

पायरी ४: सरळ रेघा तपासा

जोड सोपा आहे, खरा वेळ इथे जातो. वाकलेल्या चित्रात रेघ बरोबर वाकली का हे नजरेने सांगणं जवळपास अशक्य, म्हणून चित्राचे साध्या कॅमेऱ्यासारखे सपाट तुकडे काढायचे. सपाट तुकड्यात नियम सोपा होतो: खोलीत जी कड सरळ आहे ती इथे सरळच दिसली पाहिजे, तिरपी असली तरी चालेल पण वाकडी नको. एफएफएमपेगमधे हे एका ओळीत होतं.

```
ffmpeg -i pano.png -vf "v360=e:flat:yaw=0:pitch=0:h_fov=90:v_fov=90:w=1200:h=1200" -frames:v 1 view_0.png
```

yaw म्हणजे आडवं वळणं, त्याच्या जागी 0, 45, 90, 135, 180, -135, -90, -45 असं फिरत जा, आठ तुकडे होतात. नुसते चार काढले तर कोपरे नेमके तुकड्याच्या कडेला येतात आणि बऱ्याच चुका तिथेच लपतात. शिवाय pitch, म्हणजे मान वर-खाली करणं, 90 आणि -90 देऊन एक छताचा, एक जमिनीचा.

प्रत्येक तुकडा गिंपमधे उघडा, कडेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पिक्सेलची लाल रेघ ओढा आणि मधे किती फट राहते ते बघा. १२०० च्या तुकड्यात तीन-चार पिक्सेलची फट मी सोडून देतो, ती फिरवताना कुणाला दिसत नाही. दहाच्या वर गेली की छत श्वास घेतल्यासारखं वाटायला लागतं.

फट कुठल्या बाजूला आहे त्यावरून चूक काय ते पण कळतं. छताच्या कडेची दोन टोकं वर आणि मधला भाग खाली, हसऱ्या तोंडासारखी, म्हणजे मूळ चित्रात बाक कमी पडला. मॉडेलने कड गरजेपेक्षा सरळ काढली, ही नेहमीची चूक. माझ्या विहिरीत कड सगळीकडे साधारण २६ अंशांवर होती, तिचा सपाट तुकडा काढला तर मधे डोळ्यांच्या रेघेपासून २९३ पिक्सेल वर आणि दोन्ही टोकांना ४१४ वर, म्हणजे १२१ पिक्सेलचं हसू. टोकं खाली असतील तर बाक जास्त झालाय, हे कमी होतं, बहुतेक फिशआयचा वास असलेल्या प्रॉम्प्टमुळे. जमिनीच्या कडेला हे सगळं उलटं वाचायचं.

मग डोळ्यांची रेघ. मूळ चित्रात खिडकीच्या आडव्या पट्ट्या, शेल्फच्या फळ्या, टाइल्सच्या ओळी बघा, वरच्या एका दिशेने वाकतात आणि खालच्या दुसऱ्या. जिथे बाक पलटतो आणि रेघ सपाट होते ती उंची १०२४ वर पाहिजे. ती १०६० वर सापडली तर मॉडेलने कॅमेरा आपल्या मनाने खाली सरकवलाय, मग एकेक कड सुधारण्यात अर्थ नाही. डेप्थचं वजन वाढवून नवीन चित्र काढा, ते स्वस्त पडतं.

उभ्या रेघांचं काम लवकर होतं. pitch 0 च्या तुकड्यात दाराची चौकट, कोपरे, पडद्याच्या कडा सगळं बरोबर उभं हवं. एकाच दाराची चौकट कललेली असेल तर स्थानिक चूक, इनपेंट करा. समोरासमोरच्या दोन भिंतींवर विरुद्ध दिशेने कललेलं असेल तर कॅमेराच कललाय, ब्लेंडरमधली ती ९० अंशांची गोष्ट परत तपासा.

एखादी भिंत थोडीशीच वाकली असेल तर गिंपमधे `Filters > Map > Panorama Projection` वापरून तो भाग सपाट करा, तिथे वार्प टूलने किंवा इनपेंटने कड सरळ करा, आणि मग त्याच आकड्यांनी `Inverse transform` टिक करून परत मूळ चित्रावर बसवा. पॅन, टिल्ट आणि झूमचे आकडे आधी लिहून ठेवा, एक जरी बदलला तर तुकडा सरकून बसतो. फट तीस पिक्सेलच्या वर असेल तर मी या भानगडीत पडत नाही, वार्प केल्यावर भिंतीवरची फ्रेम आणि सॉकेट सोबत खेचले जातात आणि एक चूक जाऊन तीन येतात.

डोक्यावर आणि पायाखाली

छताचा तुकडा उघडलात की मधे एक चांदणी किंवा भोवरा दिसेल, जवळपास नक्कीच. वरची अख्खी ओळ एकच बिंदू आहे हे मॉडेलला कळत नाही, तो ४०९६ वेगवेगळे पिक्सेल काढतो आणि ते सगळे एका टाचणीच्या टोकावर गोळा होतात. छत साधं असेल तर सपाट तुकड्यात त्यावर साधा रंग आणि हलका उजेडाचा उतार द्यायचा आणि वर सांगितलं तसं उलटं बसवायचं. छताला पंखा किंवा झुंबर हवं असेल तर तेही याच सपाट तुकड्यात काढा, मूळ चित्रात कधीच नाही. जमिनीला टाइल्स असतील तर जास्त काळजी, पायाखाली टाइल्सच्या रेघा एका बिंदूकडे धावत जातात, खऱ्या जमिनीत त्या एकमेकींना समांतर राहतात. मी आळस करतो आणि कॅमेऱ्याखाली एक साधा गालिचा टाकतो.

पायरी ५: व्ह्यूअरमधे बघा

आता जेपेग करून पॅनेलम या व्ह्यूअरमधे टाका, तो फुकट आहे आणि ब्राउझरमधे चालतो. पॅनेलमच्या जेएस आणि सीएसएस फाइल जोडलेल्या आणि `panorama` आयडीचा, उंची-रुंदी दिलेला `div` असलेल्या पानावर एवढंच लागतं:

```
pannellum.viewer('panorama', {
  "type": "equirectangular",
  "panorama": "pano.jpg",
  "autoLoad": true
});
```

फाइलवर नुसतं डबल क्लिक केलं तर ब्राउझर चित्र उघडू देत नाही, म्हणून त्या फोल्डरमधे `python -m http.server` चालवा आणि `localhost:8000` वर बघा. फोनवरही बघाच, जुन्या फोनना ४०९६ पेक्षा रुंद चित्र झेपत नाही, काळा पडदा आला तर आधी हाच संशय घ्या.

इथे हळू फिरवा. जोरात फिरवलं की सगळं छान दिसतं. छताची एक कड धरून एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जा, ती सरळच राहायला हवी, फिरताना रबरासारखी वाकली की तुकडा परत काढा.

कधी असं होतं की सरकवलेल्या चित्रात जोड स्वच्छ आहे, तरी व्ह्यूअरमधे एक उभी बारीक रेघ दिसते. चूक चित्राची का व्ह्यूअरची, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. सरकवलेलंच चित्र, म्हणजे `rolled.png` चं जेपेग, व्ह्यूअरमधे टाका. रेघ खोलीत त्याच जागी राहिली, म्हणजे त्याच दाराजवळ, तर ती चित्रात आहे आणि तुमच्या नजरेतून सुटलीये. रेघ उडी मारून समोरच्या भिंतीवर गेली तर ती व्ह्यूअरची आहे, तो कडेचे पिक्सेल नीट मिसळत नाहीये, चित्र घासत बसू नका, दुसरा व्ह्यूअर किंवा त्याची सेटिंग बघा.

टूरमधे तो चढवताना काही ठिकाणी फाइल पॅनोरामा आहे हे तिला सांगावं लागतं, नाहीतर ती साधा लांबट फोटो म्हणून उघडते. एडिट करताना ही माहिती बऱ्याचदा पुसली जाते, म्हणून हे सगळ्यात शेवटी करा:

```
exiftool -XMP-GPano:ProjectionType=equirectangular -XMP-GPano:UsePanoramaViewer=true pano.jpg
```

एक मर्यादा मात्र या पद्धतीत राहतेच. त्याच खोलीत दोन पावलं पुढे दुसरा बिंदू हवा असेल तर ब्लेंडरमधला कॅमेरा पुढे नेऊन नवीन डेप्थ काढता येतो, भिंती आणि दारं बरोबर जुळतात, पण सोफ्याचं कापड, भिंतीवरचं चित्र, लाकडाच्या रेषा मॉडेल दर वेळी नव्याने काढतं. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारली की खोलीतलं सामान बदललेलं दिसतं. म्हणून मी एआयच्या खोलीत एका खोलीला एकच बिंदू ठेवतो आणि दुसरा बिंदू दाराच्या पलीकडच्या खोलीत. आणि घर दाखवण्यासाठी टूर असेल तर त्या चित्रावरच ठळक लिहितो की ही खोली काल्पनिक आहे, कारण मापं खरी असली की बघणाऱ्याला सोफाही खरा वाटतो.